थिसिसमधली पीपीव्ही रिव्ह्यूअरला का खटकली?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मायक्रोबायोलॉजीची तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट. थिसिससाठी एका संसर्गाची रॅपिड किट पीसीआरशी ताडून पाहिली. वॉर्डातले पीसीआर पॉझिटिव्ह १०० रुग्ण आणि १०० निरोगी रक्तदाते घेतले. किटने ९० रुग्ण पकडले आणि ५ रक्तदात्यांना पॉझिटिव्ह दाखवलं. सेन्सिटिव्हिटी ९०, स्पेसिफिसिटी ९५, पीपीव्ही ९४.७, एनपीव्ही ९०.५ टक्के. याशिवाय ६ नमुन्यांत कंट्रोल रेषाच उमटली नाही (५ रुग्णांचे, १ रक्तदात्याचा), ते आधीच वगळले होते. आता जर्नलचा रिव्ह्यूअर म्हणतो, "या डिझाइनमध्ये पीपीव्ही, एनपीव्ही देता येत नाहीत, काढून टाका." गणित तर बरोबर आहे, मग हरकत कशाला? प्रिव्हॅलन्स घालून पुन्हा काढायची म्हटलं तर आणखी गोंधळ: आमच्या तापाच्या ओपीडीत याच किटवर ६.७ टक्के पॉझिटिव्ह येतात, पीसीआरने मात्र २ टक्केच निघतात. कुठला आकडा घ्यायचा, आणि शेवटी लिहायचं काय?

उत्तर

डॉक्टर, भागाकार चुकलेला नाही. ९५ पॉझिटिव्हपैकी ९० खरे, म्हणजे ९४.७ टक्के. पण तुम्ही १०० ऐवजी ४०० रक्तदाते घेतले असते तर काय झालं असतं ते पाहा. किट तीच, रुग्ण तेच. दर शंभर रक्तदात्यांमागे ५ या हिशेबाने खोटे पॉझिटिव्ह २० आले असते आणि पीपीव्ही ९० भागिले ११०, म्हणजे ८१.८ टक्क्यांवर उतरली असती. किटमध्ये काहीही न बदलता आकडा १३ टक्क्यांनी खाली आला, तो केवळ रक्तपेढीतून किती नमुने आणले यावर. रिव्ह्यूअरची हरकत एवढीच आहे, आणि ती रास्त आहे.

सेन्सिटिव्हिटीला ही अडचण येत नाही, कारण ती फक्त रुग्णांच्या रकान्यातून निघते: १०० पैकी ९०. स्पेसिफिसिटी फक्त निरोगींच्या रकान्यातून: १०० पैकी ९५. एक रकाना दुसऱ्याच्या चौपट मोठा केला तरी दोन्ही आकडे जागचे हलत नाहीत. पीपीव्ही मात्र आडव्या ओळीतून निघते. 'किट पॉझिटिव्ह' या ओळीत दोन्ही रकान्यांतली माणसं एकत्र येतात आणि ती कोणत्या प्रमाणात यावीत हे तुम्ही अभ्यास आखतानाच ठरवून टाकलं होतं, अर्धी-अर्धी. थोडक्यात, तुमची ९४.७ टक्के ही ज्या ठिकाणी दर दोन माणसांत एकाला हा संसर्ग आहे तिथली पीपीव्ही आहे. अशी ओपीडी तुमची नाही.

तुमच्या ओपीडीचा हिशेब मांडताना टक्केवारी बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. तापाचे १०,००० रुग्ण आले, पैकी २ टक्के, म्हणजे २०० जणांना खरोखर संसर्ग आहे. किट त्यांतले १८० पकडेल, २० सोडेल. उरलेल्या ९,८०० जणांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९० जणांना किट विनाकारण पॉझिटिव्ह ठरवेल आणि ९,३१० जणांना बरोबर निगेटिव्ह म्हणेल. एकूण पॉझिटिव्ह ६७०, त्यांतले खरे १८०. पीपीव्ही २६.९ टक्के. म्हणजे पॉझिटिव्ह पट्टी हातात असलेल्या दर चार रुग्णांपैकी साधारण तिघांना हा संसर्ग नाही. किटच्या खोक्यावर ९० आणि ९५ हे आकडे बघून असं कुणाला वाटणार नाही. १९७८ मध्ये हार्वर्डमध्ये ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना असंच गणित घातलं होतं: आजार हजारात एकाला, खोटे पॉझिटिव्ह ५ टक्के, तर पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता किती? उत्तर साधारण २ टक्के. बरोबर सांगणारे ११ जण होते. बाकीच्यांत सर्वाधिक जणांचं उत्तर ९५ टक्के. तेव्हा तुमच्या परीक्षकांनाही हा तक्ता मांडून दाखवलेला बरा.

तीच किट, तीच सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी, फक्त प्रिव्हॅलन्स वेगळा:

| १०,००० जणांत संसर्ग | खरे पॉझिटिव्ह | खोटे पॉझिटिव्ह | पीपीव्ही | एनपीव्ही |
|---|---|---|---|---|
| ५,००० (५० टक्के) | ४,५०० | २५० | ९४.७ | ९०.५ |
| २,००० (२० टक्के) | १,८०० | ४०० | ८१.८ | ९७.४ |
| २०० (२ टक्के) | १८० | ४९० | २६.९ | ९९.८ |

वरची ओळ म्हणजे तुमचा थिसिस, खालची ओळ म्हणजे तुमची ओपीडी. खाली येताना निरोगींची संख्या फुगत जाते. त्यांच्यातले ५ टक्के हे प्रमाण तेच राहतं, पण माणसं वाढत जातात, आणि रुग्णांची संख्या घटल्याने खरे पॉझिटिव्ह त्यांच्यात बुडून जातात. कमी प्रिव्हॅलन्सला पीपीव्ही पाडते ती मुख्यतः अपुरी स्पेसिफिसिटी. समजा किट सुधारून सेन्सिटिव्हिटी ९० वरून थेट १०० केली, तरी २ टक्के प्रिव्हॅलन्सला पीपीव्ही २०० भागिले ६९०, म्हणजे २९ टक्केच होते. उलट सेन्सिटिव्हिटी ९० च ठेवून स्पेसिफिसिटी ९९ केली तर खोटे पॉझिटिव्ह ९८ उरतात आणि पीपीव्ही ६४.७ टक्क्यांवर जाते.

शेवटच्या रकान्यातल्या ९९.८ ने मात्र हुरळून जाऊ नका. किट न लावता प्रत्येकाला "तुम्हाला संसर्ग नाही" असं सांगितलं असतं तरी ९८ टक्के वेळा ते खरं ठरलं असतं. किटने भर घातली ती एवढीच, की संसर्गाची शक्यता ५० जणांत एकावरून सुमारे ४६७ जणांत एकावर आली. हे उपयोगाचं आहेच, पण "एनपीव्ही ९९.८ टक्के, म्हणून किट आजार नाकारण्यासाठी उत्कृष्ट" असं वाक्य निष्कर्षात लिहिलंत तर श्रेय किटला जाईल आणि काम बव्हंशी कमी प्रिव्हॅलन्सने केलेलं असेल. पीपीव्हीच्या बाबतीत उलटा अन्याय होतो. २६.९ टक्के म्हणजे किट टाकाऊ असं नव्हे. चाचणीआधी २ टक्के असलेली शक्यता तिने तेरापटीहून जास्त वाढवली आहे. म्हणून पीपीव्ही किंवा एनपीव्ही सांगताना शेजारी चाचणीआधीची शक्यता नेहमी छापा.

६.७ की २?

वरच्या हिशेबात १०,००० जणांत किटवर किती पॉझिटिव्ह आले होते? १८० अधिक ४९०, म्हणजे ६७०, बरोबर ६.७ टक्के. तुमच्या रजिस्टरमधला आकडा नेमका हाच आहे. म्हणजे दोन आकड्यांत विसंगती नाहीच. २ टक्के संसर्ग असलेल्या ओपीडीत ही किट ६.७ टक्केच दाखवणार, कारण त्यांतले ४.९ टक्के खोटे आहेत. कुणालाही संसर्ग नसता तरी ५ टक्के दाखवले असते.

सूत्रात ६.७ टाकलेत तर पीपीव्ही ५६ टक्के येईल, खऱ्याच्या दुपटीहून जास्त. किटच्याच खोट्या पॉझिटिव्हांना प्रिव्हॅलन्स समजून किटची बाजू भक्कम करणं, असा हा प्रकार आहे, आणि प्रबंधांतून तो बऱ्यापैकी आढळतो. पीसीआर उपलब्ध नसेल आणि हाती फक्त किटचं प्रमाण असेल, तर ते असं दुरुस्त करता येतं: किटच्या पॉझिटिव्ह प्रमाणातून खोट्या पॉझिटिव्हचा दर वजा करा, आणि उत्तराला सेन्सिटिव्हिटी अधिक स्पेसिफिसिटी वजा १ ने भागा. तुमच्यासाठी (०.०६७ − ०.०५) भागिले (०.९० + ०.९५ − १), म्हणजे ०.०१७ भागिले ०.८५, उत्तर ०.०२. ही दुरुस्ती अंदाजाची आहे. किटचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असेल तर उत्तर शून्य किंवा उणे येतं, आणि तसं आलं तर त्या आकड्यावर काही बांधू नये.

एक गोष्ट मात्र रजिस्टर उघडून तपासा: ओपीडीत पीसीआर सगळ्यांची होते की फक्त किट पॉझिटिव्ह आलेल्यांची? फक्त पॉझिटिव्हांची होत असेल तर किटने सोडलेले २० कधी दिसणारच नाहीत आणि प्रिव्हॅलन्स २ ऐवजी १.८ दिसेल. फरक क्षुल्लक आहे. पण पुढे कधी त्याच रजिस्टरवरून सेन्सिटिव्हिटी काढायला गेलात तर ती १०० टक्के येईल, कारण सुटलेले मोजलेच गेले नाहीत.

प्रिव्हॅलन्स हा शब्द इथे जरा सैल वापरतो आहोत. तुम्हाला हवी आहे ती लोकसंख्येतली टक्केवारी नव्हे, तर ज्यांना किट लावली जाते त्यांच्यातली. तापाच्या ओपीडीत २ टक्के असेल, तर ठरावीक लक्षणं असलेल्यांनाच किट लावायची असा निकष ठेवल्यावर ती २० टक्केही होऊ शकते. तेव्हा पीपीव्ही वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच: कुणाला किट लावायची हे आधी ठरवा.

पाच रक्तदाते

तुमच्या पीपीव्हीचा सगळा भार त्या ५ खोट्या पॉझिटिव्हांवर आहे. ५ ऐवजी ३ आले असते तर २ टक्के प्रिव्हॅलन्सला पीपीव्ही ३८ टक्के झाली असती. ८ आले असते तर १८.७. शंभरांत ३, ५ की ८ यायचे हा निव्वळ योगायोगाचा खेळ असू शकतो. म्हणून कॉन्फिडन्स इंटरव्हलशिवाय यातला एकही आकडा लिहू नका. विल्सन पद्धतीने तुमची सेन्सिटिव्हिटी ८२.६ ते ९४.५ आणि स्पेसिफिसिटी ८८.८ ते ९७.८ अशी येते. (प्रमाण १०० टक्क्यांच्या जवळ असताना नेहमीची 'अधिक-उणे' पद्धत कधी १०० च्या वर जाते, म्हणून विल्सन.)

पीपीव्हीचा इंटरव्हल काढताना '९५ पॉझिटिव्हपैकी ९० खरे' हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकून मिळालेला घेऊ नका, तो पुन्हा अर्ध्या-अर्ध्या नमुन्याचाच असतो. लाइकलीहुड रेशोवरून जा. पॉझिटिव्ह लाइकलीहुड रेशो म्हणजे रुग्णांतलं पॉझिटिव्हचं प्रमाण भागिले निरोगींतलं, ९० भागिले ५, बरोबर १८. ओपीडीत संसर्ग असलेले आणि नसलेले २ : ९८. पॉझिटिव्ह आल्यावर डावी बाजू १८ ने गुणा: ३६ : ९८. आता ३६ भागिले १३४, तेच २६.९ टक्के. या १८ चा ९५ टक्के इंटरव्हल ७.६ ते ४२.४ आहे. दोन्ही टोकं याच पद्धतीने गुणलीत की पीपीव्ही १३.५ ते ४६.४ टक्के मिळते. एवढी रुंद आहे म्हणून लपवू नका. तुमच्या अभ्यासातून ओपीडीबद्दल जे कळतं ते इतकंच आहे. पुढच्या वेळी ती अरुंद करायची असेल तर निरोगींची संख्या वाढवा. १,००० जणांत ५० खोटे पॉझिटिव्ह आले असते तर स्पेसिफिसिटी तीच ९५ राहून इंटरव्हल ९३.५ ते ९६.२ इतका आवळला असता.

वेगवेगळे प्रिव्हॅलन्स घालून पाहायला स्प्रेडशीट पुरे. `B1` मध्ये सेन्सिटिव्हिटी, `B2` मध्ये स्पेसिफिसिटी, `B3` मध्ये प्रिव्हॅलन्स, तिन्ही दशांशात (०.९०, ०.९५, ०.०२). पहिली ओळ पीपीव्हीची, दुसरी एनपीव्हीची:

```
=B1*B3/(B1*B3+(1-B2)*(1-B3))
=B2*(1-B3)/(B2*(1-B3)+(1-B1)*B3)
```

वगळलेले सहा

ते परत आणा. ओपीडीत कंट्रोल रेषा न उमटलेली पट्टी हातात आली तर त्या रुग्णाला उत्तर मिळालेलं नसतं. ही किटचीच कामगिरी आहे. किटच्या माहितीपत्रकात नवी पट्टी वापरून पुन्हा करा असं म्हटलं असेल आणि तुम्ही तसं केलं असेल, तर दुसऱ्या पट्टीचा निकाल धरा आणि तसं स्पष्ट लिहा. केलं नसेल तर दोन्ही हिशेब द्या. अवैध निकाल अपयश धरले तर सेन्सिटिव्हिटी ९० भागिले १०५, म्हणजे ८५.७, आणि स्पेसिफिसिटी ९५ भागिले १०१, म्हणजे ९४.१ टक्के. रुग्णांत ५ आणि रक्तदात्यांत १ हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण रुग्णांचे नमुने रक्त फुटलेले किंवा घट्ट होते का, हे प्रयोगशाळेच्या नोंदीत बघून घ्या.

रक्तदाते घेतल्याचा दुसरा परिणाम

आतापर्यंत ९० आणि ९५ हे आकडे कुठेही नेले तरी तेच राहतात असं धरून चाललो. ते पूर्ण खरं नाही, आणि तुमच्या अभ्यासाची खरी मर्यादा हीच आहे. वॉर्डात दाखल झालेले रुग्ण जास्त आजारी असतात, त्यांच्या पट्टीवर रेषा ठळक येते. ओपीडीत पहिल्या-दुसऱ्या दिवशी आलेल्याची रेषा फिकट असू शकते, म्हणून तिथे सेन्सिटिव्हिटी घसरते. दुसऱ्या बाजूला, धडधाकट रक्तदात्याच्या रक्तात किटला फसवणारं फारसं काही नसतं. ओपीडीत संसर्ग नसलेला माणूसही तापाने फणफणलेला असतो, त्याला दुसराच कुठला तरी संसर्ग असतो आणि त्याच्या अँटिबॉडी किटला चिकटू शकतात, म्हणून स्पेसिफिसिटीही घसरते. स्पेसिफिसिटी ९५ वरून ९० वर आली तरी २ टक्के प्रिव्हॅलन्सला पीपीव्ही २६.९ वरून १५.५ टक्क्यांवर येते. तेव्हा प्रिव्हॅलन्सची दुरुस्ती करूनही तुमचा आकडा वरच्या बाजूलाच झुकलेला असण्याची शक्यता जास्त, हे चर्चेत मान्य करा. पट्टी वाचणाऱ्याला नमुना वॉर्डातला की रक्तपेढीतला हे माहीत होतं का, तेही लिहा. रेषा फिकट असली की ती पॉझिटिव्ह वाचायची की निगेटिव्ह, हे झुकवायला तेवढं माहीत असणं पुरेसं असतं.

पीपीव्ही थेट तक्त्यातून देता येते ती कधी? ओपीडीत संशयित म्हणून आलेले रुग्ण ओळीने घेतले, कुणाला संसर्ग आहे हे आधी न बघता, आणि प्रत्येकाची किटही केली व पीसीआरही. तेव्हा आडव्या ओळीतलं मिश्रण खऱ्या ओपीडीतलंच असतं. ती पीपीव्हीदेखील त्या ओपीडीपुरतीच असते, दुसरीकडे नेताना हाच सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो.

काय लिहायचं

पीपीव्ही पूर्ण काढून टाकण्याची गरज नाही, तक्त्यातून काढलेली मात्र काढा. निकालाच्या परिच्छेदाचा मसुदा असा ठेवा:

"किटची सेन्सिटिव्हिटी ९०.० टक्के (९०/१००; ९५ टक्के सीआय ८२.६ ते ९४.५) आणि स्पेसिफिसिटी ९५.० टक्के (९५/१००, ८८.८ ते ९७.८) आढळली. सहा नमुन्यांचे निकाल अवैध होते (रुग्ण ५, रक्तदाता १). ते अपयश धरल्यास हे आकडे अनुक्रमे ८५.७ आणि ९४.१ टक्के होतात. पॉझिटिव्ह लाइकलीहुड रेशो १८ (७.६ ते ४२.४) होता. रुग्ण आणि रक्तदाते यांचे १:१ प्रमाण संशोधकांनी ठरवलेले असल्याने प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू थेट तक्त्यातून दिलेल्या नाहीत. प्रिव्हॅलन्स २ टक्के गृहीत धरल्यास पीपीव्ही २६.९ टक्के (१३.५ ते ४६.४) आणि एनपीव्ही ९९.८ टक्के येते. २० टक्के गृहीत धरल्यास ८१.८ आणि ९७.४ टक्के."

याच्यासोबत दोन बाय दोनचा मूळ तक्ता पूर्ण संख्यांनिशी द्या. नुसत्या टक्केवारीवरून वाचणाऱ्याला स्वतःच्या ओपीडीचा हिशेब मांडता येईल, पण इंटरव्हल काढता येणार नाही. निदान चाचण्यांच्या अभ्यासांसाठीची स्टार्ड २०१५ ची ३० मुद्द्यांची यादी अनेक जर्नलं मागतात. अवैध निकालांचं काय केलं आणि पट्टी वाचणाऱ्याला काय माहीत होतं, हे दोन्ही मुद्दे तिच्यात आहेत, म्हणजे रिव्ह्यूअर पुढच्या फेरीत तेही विचारू शकतो.

निष्कर्षात "ओपीडीत पॉझिटिव्ह आल्यास उपचार सुरू करावेत" असं काही लिहिलं असेल तर ते बदलून "पॉझिटिव्ह आल्यास दुसऱ्या चाचणीने खात्री करावी" असं करा. ही दुसरी चाचणी म्हणजे त्याच किटची दुसरी पट्टी नव्हे. ज्या अँटिबॉडीने पहिल्या पट्टीला फसवलं ती दुसरीलाही फसवेल. वेगळ्या तत्त्वावरची, तितकीच चांगली चाचणी घेतली, आणि तिच्या चुका पहिलीच्या चुकांवर अवलंबून नसतील, तर पहिलीतून गाळून आलेल्या ६७० जणांत प्रिव्हॅलन्स आधीच २६.९ टक्के असल्याने दुसऱ्या पॉझिटिव्हनंतर पीपीव्ही ८६.९ टक्क्यांवर जाते. एचआयव्हीच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सलग तीन पॉझिटिव्ह चाचण्यांनंतरच निदान करावं असं सगळ्या देशांना सुचवलं, त्यामागे हेच गणित होतं: तपासणीला येणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण घटत गेलं, आणि पूर्वी दोन चाचण्यांवर मिळणारी पीपीव्ही पुरेनाशी झाली.